अख्खा हंगाम एका पानात

आमच्या विभागाचा वार्षिक अहवाल उचलायला दोन माणसं लागायची. एक मी, आणि दुसरा तो, जो मला अहवालाखाली वाकलेला बघून धावत येऊन दार धरायचा. अहवाल मीच लिहायचो. वर्षानुवर्षं. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या आमच्या कंपनीत क्वालिटी विभागाचा अहवाल म्हणजे माझा अहवाल, आणि माझा अहवाल म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या अख्ख्या बाजारात ज्याच्याइतकं जाड काही विकायला येत नाही अशी वस्तू. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या ऑफिसातून तो रिक्षात ठेवला की रिक्षावाला मीटर टाकायच्या आधी विचारायचा, "काका, सवारी एक की दोन?"

त्यात काय नव्हतं? मण्यांची जाडी होती, साखरेची गोडी होती, प्रत्येक बागेच्या फवारणीच्या तपासण्या होत्या, थंड खोलीत पेटी किती वेळ राहिली ते होतं, परदेशी बंदरात पेटी उघडल्यावर तिथल्या तपासनिसाने काय तोंड केलं तेही होतं. एका वर्षी बाइंडरने मधलं एक आख्खं प्रकरण उलटं शिवलं. डोकं खाली, पाय वर. तसाच अहवाल सगळ्या संचालकांकडे गेला. वर्षभरात एकाचाही फोन आला नाही. लोक म्हणतील, कुणी वाचलाच नाही. मी म्हणतो, अहवाल इतका चांगला होता की उलटा वाचला तरी कळत होता.

तर अशा या माझ्या पैलवानाला एके दिवशी उपाशी ठेवायचं ठरलं.

ठरवलं ते धाकट्या साहेबांनी. आमच्याकडे थोरले साहेब म्हणजे ज्यांनी कंपनी काढली ते, आणि धाकटे साहेब म्हणजे त्यांचे चिरंजीव, परदेशात शिकून आलेले. थोरले साहेब घड हातात घेऊन माल ओळखायचे, धाकटे साहेब फोन हातात घेऊन. माणूस मात्र गोड. ते माझ्या टेबलाशी आले, अहवालावर हात ठेवला, गाडीच्या टपावर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "काका, हे फार भारी आहे. पण संचालकांच्या बैठकीत तुमच्या विभागाला दोनच मिनिटं आहेत. मला एक पान द्या. डॅशबोर्डसारखं. फोनवर उघडलं तर बोटांनी मोठं करावं लागू नये."

"एक प्रकरण म्हणताय का साहेब?"

"एक पान."

"पाठपोट?"

"एकाच बाजूचं, काका." आणि जाता जाता म्हणाले, "हो, आणि सायखेड्याचं माल घ्यायचं केंद्र पुढच्या हंगामात ठेवायचं की बंद करून सगळं पिंपळगावला आणायचं, ते याच बैठकीत ठरणार आहे. भाड्याचा, टेम्पोचा हिशेब अकाउंट्सवाले देतील. मालाच्या दर्जाचं काय ते तुमच्या पानावरून बघू."

ते गेले आणि मी कामाला लागलो. मला आव्हान दिलेलं आवडतं. दुपारपर्यंत मी आख्खा अहवाल एका पानावर बसवला. आख्खा. एक शब्दही गाळला नाही. फक्त अक्षरांचा आकार कमी करत गेलो. प्रिंटरने पान बाहेर काढताना असा आवाज केला, जसा भरला टेम्पो कसाऱ्याचा घाट चढताना करतो.

पान घेऊन मी मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. वयाने माझ्याहून लहान, पण पदाने आणि डोक्याने मोठ्या, आणि डोक्याचं मी उगीच कुणाबद्दल बोलत नाही. त्यांनी पान उजेडाकडे धरलं.

"हे काय आहे?"

"एक पान, मॅडम."

"मला वाटलं चहा पावडर सांडली."

"सगळं आहे त्यात. अगदी परिशिष्टांसकट."

"तुम्हाला वाचता येतंय?"

"स्पष्ट."

"तुम्हाला पाठ आहे म्हणून." त्यांनी पान खाली ठेवलं. "साहेबांना कोणता निर्णय घ्यायचाय ते आधी लिहा. मग त्या निर्णयाला जे लागतं तेवढंच पानावर. बाकीचं अहवालात आहेच, कुणी पळवून नेत नाही."

"मॅडम, कापू कुठे? सगळंच महत्त्वाचं आहे."

"बागायतदाराने असं म्हटलं असतं तर वेलीला एक तरी घड धड आला असता का?"

आता द्राक्षवाल्या माणसाला छाटणीचं काय सांगायचं? मी कात्री घेतली. अहो, काय कापाकापी केली म्हणता! चाळीसेक आकडे मी दरवर्षी पोटच्या पोरांसारखे मिरवायचो. त्यातले सहा ठेवले. प्रत्येकाशेजारी मॅडमच्या सांगण्यावरून दोन सोबती बसवले: मागच्या वर्षी किती होतं आणि या वर्षी किती ठरवलं होतं. एकट्या आकड्याकडे बघून माणूस नुसता मान हलवतो. शेजारी दुसरा असला की मग बोलायला लागतो.

तरी मला थोडा नखरा केल्याशिवाय राहवेना. डॅशबोर्ड म्हणजे गाडीसमोर असतो तो, असं समजून मी सहाच्या सहा आकड्यांना स्पीडोमीटर केले. काटे, चमक, सगळं. रंगीत प्रिंट काढली तेव्हा आख्ख्या ऑफिसातली माणसं बघायला आली, मालवाहतूकवाल्यांनी तर 'कोणत्या कंपनीची गाडी?' असं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "सुंदर. मागच्या वर्षीपेक्षा वाढलं की कमी झालं, ते कुठल्या काट्यावर दिसतं?"

एकाही काट्यावर दिसत नव्हतं. काढले. त्यांच्या जागी साधे पट्टे आले, लांब म्हणजे जास्त, आखूड म्हणजे कमी, आणि शेजारी वर किंवा खाली जाणारा छोटा बाण. माझं मन मोडलं, पण पान मात्र श्वास घ्यायला लागलं, हे मला कबूल करावं लागलं. मनात. तोंडाने मी म्हणालो, "मीही हेच सुचवणार होतो."

मग रंग. ठरवल्यापेक्षा बरं असेल तर हिरवा, जवळपास असेल तर पिवळा, फारच चुकलं तर लाल. हे हाताने रंगवावं लागत नाही, संगणकाला एकदा नियम सांगितला की तो स्वतः रंगवतो. त्याने रंगवलं. पान हिरव्यागार बागेसारखं झालं. एकच जागा लाल. 'केंद्रावर नाकारलेला माल' या रकान्यात, सायखेड्यासमोर. नुसती लाल नाही, रसरशीत लाल. पिंपळगाव तिथेच शेजारी हिरवं, आणि सायखेड्याचा पट्टा त्याच्या दुपटीहून लांब.

मी बघितलं. मॅडमनी बघितलं. दोघांनाही काही खटकलं नाही. आकडा बरोबर होता, अहवालातूनच उचलला होता, बेरीज तीनदा तपासली होती.

मॅडमचा एक नियम होता, आणि त्या नियमाने माझी लाज राखली. संचालकांकडे कुठलाही आकडा जायच्या आधी ज्या केंद्राचा आकडा त्या केंद्राने तो बघायचा. म्हणून पान पिंपळगावला गेलं आणि सायखेड्याला गेलं. पिंपळगावहून पाचव्या मिनिटाला फोनवर पसंतीचा अंगठा आला. सायखेड्याहून फोन आला.

सायखेड्याचं केंद्र ताई चालवायच्या. गोदाकाठी पत्र्याची एक लांब शेड, तिच्यात टेबलं, आणि टेबलांशी गावातल्या बायका. भोवतालच्या बागांतून क्रेटमध्ये द्राक्षं यायची, तिथे निवडून घ्यायची आणि टेम्पोने पिंपळगावला पॅकिंगसाठी, थंड करण्यासाठी जायची. ताईंचा आवाज असा की त्या सायखेड्याहून बोलल्या तर द्वारकेला फोन लावायची खरं तर गरज नव्हती.

"भाऊ, हे आमचं सायखेडं लाल का केलं?"

"ताई, मी नाही केलं. संगणकानं केलं."

"त्या संगणकाला घेऊन या हिकडं. च्या पाजते त्याला."

"तुमच्याकडे नाकारलेला माल जास्त आहे ना. आकडा बघा."

"आकडा बरोबर हाय."

"मग?"

"मग काय मग? आम्ही खराब माल आत घेत नाय म्हणून लाल, आन् जे घेत्यात ते हिरवे? लय भारी. आमच्या शेडमधल्या बायका इचारतायत, ताई, केंद्र बंद होणार का. पानावर एकच लाल खूण हाय, ती आमच्यावर. बैठकीत मोठी माणसं काय बघतील? लालच बघतील ना?"

मी 'बघतो' म्हणून फोन ठेवला आणि थेट अहवाल उघडला. कारण ताई म्हणाल्या ते माझ्याच अहवालात लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं! एका तक्त्याखाली, बारीक अक्षरांत, तारा काढून. आमच्याकडे माल जिथे खराब सापडेल तिथे त्याची नोंद व्हायची. सायखेड्याला ताई प्रत्येक क्रेट टेबलावर उलगडायच्या, कुजका, कच्चा, लहान मण्यांचा घड बागायतदाराच्या डोळ्यांदेखत बाजूला काढायच्या आणि त्याच्याच क्रेटमध्ये परत द्यायच्या. पिंपळगावला हंगामात टेम्पोंची रांग महामार्गापर्यंत जाते, तिथे दारात थोडेसे क्रेट नमुन्याला बघून माल आत घेत. त्यातला खराब घड मग पॅकिंगच्या टेबलावर सापडायचा, तो 'छाटणी' म्हणून दुसऱ्या तक्त्यात. तिथेही निसटला तर परदेशात पेटी उघडल्यावर सापडायचा, तो 'ग्राहकाची तक्रार' म्हणून तिसऱ्या तक्त्यात. पिंपळगावचा खराब माल तीन तक्त्यांत वाटला गेलेला, सायखेड्याचा जवळजवळ सगळा पहिल्याच तक्त्यात. आणि मी एका पानासाठी कापताना फक्त पहिला तक्ता ठेवला होता. तारा आणि ताऱ्याखालची ओळ कात्रीत गेली होती.

मॅडमना सांगितलं. त्यांनी पान पुन्हा हातात घेतलं, लाल खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "हे पान खोटं नाही. पण याने निर्णय चुकेल. हे जास्त वाईट."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि सायखेड्याला गेलो. जायची गरज नव्हती म्हणा, आकडे सगळे माझ्याकडेच होते, पण ताईंनी संगणकाला बोलावलं होतं आणि संगणकाच्या वतीने कुणीतरी जायला हवं होतं. ऊन असं होतं की वाटेतल्या वेलींवर बेदाणे आपोआप होत होते. शेवटचा माल चालू होता. शेडमध्ये शिरलो तशी पहिल्या टेबलावरची बाई शेजारणीला म्हणाली, "हेच का गं ते लाल रंगवाले?"

"चेहरा तर हिरवा पडलाय," शेजारीण म्हणाली, आणि आख्खी शेड हसली.

ताई कात्रीने घडातला एक मणी उडवत म्हणाल्या, "बसा भाऊ. ह्यांना च्या द्या. साखर जास्त घाला, मोठ्या ऑफिसातले हायेत."

मी ताईंना म्हणालो, "पान बदलतोय. पण मला एक सांगा, तुमच्याकडे चांगल्याच बागा येतात असं कुणी म्हटलं तर?"

"कोण म्हणतंय?"

"अजून कुणी नाही. बैठकीत म्हणतील. मी तिथे असतो तर मी म्हटलं असतं."

ताईंनी कात्री खाली ठेवली. हा प्रश्न त्यांना आवडला नाही, पण पटला. टेबलापाशी एक बागायतदार आपल्या परत आलेल्या घडांकडे तोंड पाडून बघत उभा होता. ताईंनी त्यालाच धरलं. "हे बघा, हे. ह्यांची बाग एकच. रांग कमी असंल तर माल हिकडं आणत्यात, नाय तर पिंपळगावला नेत्यात. बरोबर का नाय?"

"तिकडं एवढी कटकट नसती," तो बागायतदार मनापासून म्हणाला.

तो चहा मी एका घोटात संपवला. जीभ पोळली. कारण मला जे हवं होतं ते मिळालं होतं: एकच बाग, दोन दारं.

आमच्या प्रत्येक पेटीवर एक खूण असते, तिच्यावरून माल कुठल्या बागेतला आणि कुठल्या केंद्रातून आला ते कळतं. ती खूण नसती तर परदेशात माल घेतच नाहीत. मी ऑफिसला परत आलो आणि त्या खुणांच्या आधाराने परदेशी तक्रारी केंद्रांप्रमाणे वेगळ्या केल्या. दोन दिवस मी जेवलो नाही असं मी लोकांना सांगतो. जेवलो होतो, पण डबा उघडलेला आठवत नाही. मग दोन्ही दारांना माल दिलेले बागायतदार निवडले आणि फक्त त्यांचाच माल तसाच तपासला. दोन्ही वेळा तेच निघालं. सायखेड्याहून गेलेल्या पेट्यांवर तक्रारी पिंपळगावच्या निम्म्याहूनही कमी, आणि एकाच बागेचा माल घेतला तरीही तसंच.

मी नाचत मॅडमकडे गेलो. म्हणजे खरोखर नाचत. वाटेत अकाउंट्सवाल्यांच्या दोन फायली पडल्या.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता सायखेडं हिरवं आणि पिंपळगाव लाल करू नका."

"का? आहे ना तसं!"

"कारण आपण क्वालिटीवाले आहोत, ताईंचे वकील नाही. रंग उलटे केले तर माणसं रंगांवरून भांडतील. माल कुठे सापडतो ते दाखवा, कुणाचं कौतुक ते त्यांना ठरवू द्या."

त्यांच्या डोक्याबद्दल मी आधी म्हटलंच आहे.

शेवटचं पान आम्ही दोघांनी मिळून केलं, आणि ते पान, अहो, ते पान! नाशिक जिल्ह्यात इतकं देखणं पान दुसरं फक्त विड्याचं असेल. वर 'वार्षिक अहवालाचा सारांश' असं मेलेलं शीर्षक नव्हतं. वर एक पूर्ण वाक्य होतं: 'सायखेड्यात माल दारातच जास्त नाकारला जातो आणि तिथून गेलेल्या मालावर परदेशात तक्रारी कमी येतात.' नुसतं शीर्षक वाचून कुणी फोन खिशात टाकला तरी मुद्दा खिशात गेला. त्याखाली मध्यभागी तीन जागा डावीकडून उजवीकडे, माल ज्या क्रमाने जातो त्याच क्रमाने: दारात, पॅकिंगच्या टेबलावर, परदेशी बंदरात. प्रत्येक जागी दोन पट्टे, दोन केंद्रांचे. दारात सायखेड्याचा पट्टा लांब. बंदरात पिंपळगावचा लांब. डोळा आपोआप डावीकडून उजवीकडे घसरतो आणि पट्टे आपली जागा बदलताना दिसतात. दारातल्या रकान्याला आम्ही रंगच दिला नाही, कारण तिथे जास्त म्हणजे वाईट की चांगलं हे त्या एकट्या आकड्यावरून कळत नाही. त्याखाली छोटी जोडी: दोन्ही दारांना माल देणाऱ्या बागा. बाजूला उरलेले पाच आकडे, बाणांसकट, गरिबासारखे. आणि अगदी खाली एक ओळ, वाचता येईल एवढ्या अक्षरांत: 'हंगामातले शेवटचे कंटेनर अजून समुद्रावर आहेत, त्यांच्या तक्रारी यात नाहीत.' ती ओळ काढा असं मी म्हणालो होतो, आपलं पान कमजोर दिसेल म्हणून. मॅडम म्हणाल्या, "ती ओळ आहे म्हणून बाकीच्यांवर विश्वास बसेल."

हे पानही पुन्हा दोन्ही केंद्रांकडे गेलं. या वेळी पिंपळगावच्या मॅनेजरांचा अंगठा आला नाही, तेच आले. जुने दोस्त आमचे. "काका, तुम्ही आमच्या पोटावर पाय दिला."

"आकडा चुकलाय का?"

त्यांनी एकेका पट्ट्यावर बोट ठेवून बघितलं. "चुकला नाही. पण एवढ्या रांगेत प्रत्येक क्रेट उघडायचा कसा, तेही लिहा की!"

रास्त होतं. तेही लिहिलं, एका ओळीत, वरच्या वाक्याखाली: दारात निवडायचं तर पिंपळगावला टेबलं आणि माणसं वाढवावी लागतील.

बैठकीला मी विभागाच्या वतीने मॅडमच्या मागे बसलो. अकाउंट्सवाल्यांचं पान आधी झालं. त्यावर सायखेड्याचं भाडं आणि टेम्पोचा खर्च स्पष्ट दिसत होता, बंद केलं तर काय वाचेल तेही. आणि तेही पान खरंच होतं. मग आमचं पान पडद्यावर आलं. मी अहवालही बरोबर आणला होता, टेबलाच्या एका टोकाला ठेवला होता आणि टेबल त्या बाजूला किंचित कललं होतं. मॅडम म्हणाल्या, "वरचं वाक्य आणि मधल्या तीन जागा," आणि गप्प बसल्या. एवढंच. मी असतो तर दीड तास घेतला असता.

थोरले साहेब चष्मा सावरत पडद्याजवळ गेले आणि त्यांनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडे. पुन्हा एकदा. मग धाकट्या साहेबांना म्हणाले, "तू म्हणत होतास सायखेड्यात माल खराब येतो."

"नाकारलेला माल जास्त होता म्हणून," धाकटे साहेब म्हणाले. ते खुर्चीत पुढे सरकले. "पण तिथे चांगल्या बागा येत असतील तर? त्या बागा पिंपळगावला आल्या तरी माल चांगलाच राहील."

मी मागून खुर्चीतच उडालो. मॅडमनी नुसतं बोट दाखवलं. छोटी जोडी. एकच बाग, दोन दारं. धाकट्या साहेबांनी ती फोनवर उघडली, बोटांनी मोठं करावं लागलं नाही, आणि हसले. "हे उत्तर आधीच आहे."

"काकांनी आणलं, सायखेड्याहून," मॅडम म्हणाल्या. माझी छाती तेव्हा एवढी फुगली की शर्टाच्या बटणाने अकाउंट्सवाल्यांच्या पाण्याच्या ग्लासाचा नेम धरला होता. सुदैवाने दोरा पक्का निघाला.

थोरले साहेब जाग्यावर येऊन बसले. "भाडं इथे वाचवायचं आणि तिकडे ग्राहक घालवायचा? सायखेडं चालू राहील. आणि ते करतात तसं दार पिंपळगावलाही करा. लागतील ती टेबलं घ्या." मग माझ्याकडे वळून, "तुमचा तो मोठा अहवाल आहे ना इथे?"

"आहे साहेब." मी उठलोच.

"असू द्या. या पानावरचा एखादा आकडा विचारावासा वाटला तर लागेल."

मी बसलो. आजवर माझ्या अहवालाबद्दल कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं.

ऑफिसबाहेर येऊन मी ताईंना फोन लावला. "ताई, चालू राहतंय सायखेडं."

ताईंनी शेडमध्ये तोंड करून ते सगळ्यांना सांगितलं, आणि बायकांचा असा कल्ला उठला की गोदावरी थोडी मागे सरकली असावी.

"भाऊ," ताई परत फोनवर आल्या, "पिंपळगावचं दार कोण शिकवणार?"

"तुम्हीच. थोरल्या साहेबांनी सांगितलंय तुमच्यासारखं करा."

"मग त्यांना म्हनावं टेबलं उंच घ्या. खाली वाकून घड बघता येत नाय, कंबर जाती. आन् उजेड वरून पाहिजे."

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला मी पिंपळगावला गेलो होतो. नवी टेबलं लागली होती, उंच, वरून उजेड. पहिल्या टेबलाशी पदर खोचून ताई आणि त्यांच्या शेडमधल्या दोघी उभ्या. रांगेतला पहिला बागायतदार नाराज होता, मॅनेजर त्याच्याहून नाराज. बाजूला काढलेल्या घडांचे क्रेट वाढत चालले होते.

"ताई, अहो किती काढताय!" मॅनेजर म्हणाले. "आकडा बघितला का आजचा?"

"बघितला. उद्या वाढंल अजून." ताईंनी एक घड उजेडाकडे धरला, फिरवला, आतला एक मऊ मणी बोटाने दाबला आणि घड बागायतदाराच्या हातात दिला. "हा तुमच्या पोरांना. खाऊन टाका आजच, गोड हाय." मग रांगेकडे हात केला. "चला, पुढचा क्रेट."